सीझनला शूट, चातुर्मासात पोस्ट

सांगलीच्या गावभागात आप्पांनी स्टुडिओ टाकला तो पासपोर्ट फोटोंवर. लग्नाच्या ऑर्डरी यायच्या त्या काउंटरवर ठेवलेल्या तीन सॅम्पल अल्बमांमुळे. लोक बसायचे, चहा घ्यायचे, पानं उलटायचे आणि ॲडव्हान्स देऊन जायचे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि दुकानात छातीएवढं पाणी आलं. कॅमेरे, लेन्स आणि हार्ड डिस्क आम्ही आदल्या रात्री हलवल्या होत्या. अल्बम राहिले. पाणी ओसरल्यावर बघतो तर कॅरिझ्माची पानं एकमेकांना चिकटून विटा झालेल्या. दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी लोक विचारायला यायला लागले आणि दाखवायला आमच्या हातात फक्त मोबाइल. इन्स्टाग्रामकडे आम्ही वळलो ते असे, हौसेने नव्हे.

पहिली दोन वर्षं नुसता गोंधळ. लग्न झालं की उत्साहाच्या भरात दोन दिवसांत चाळीस फोटो टाकायचे, आणि पुढचे दोन महिने शुकशुकाट. तेही निवडक म्हणजे काय, तर दांडोबाच्या डोंगरावरचं प्री-वेडिंग, सूर्यास्त, उडणारी ओढणी. लाइक्स भरपूर यायचे. कोणाचे ते एकदा बायकोने नावं उघडून बघितलं: मिरजेचे, कोल्हापूरचे, इचलकरंजीचे फोटोग्राफर! आमचीच बिरादरी एकमेकांना शाबासकी देत होती. 'अमुक तारीख मोकळी आहे का' असं विचारणारा मेसेज मात्र महिन्यातून एखादा.

डोळे उघडले ते तासगावकडच्या एका वधुपित्याने. त्यांनी प्रोफाइल शांतपणे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हे सगळे वीस लग्नांतले वीस फोटो झाले. आमच्या पोरीचं लग्न एकच आहे. एकाच लग्नातले सगळे दाखवा की." त्यांना भीती होती ती साधीच. चांगला फोटो एखादा कोणालाही मिळतो, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत हा माणूस टिकतो का, आणि आमची आत्या-मामी फोटोत येते का? त्या दिवसापासून आम्ही एकच लग्न धरून तीन आठवडे तेच दाखवायला लागलो.

ही पद्धत नीट बसली २०२३ मध्ये. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पण कार्यालय त्याआधीच, पावसाळ्यात धरलं जातं. कार्यालय पक्कं झालं की फोटोवाल्याचा शोध लागतो. म्हणजे आम्ही रिकामे असतो तेव्हाच गिऱ्हाईक मोबाइलवर शोधत असतं. पूर्वी आम्ही नेमके त्याच महिन्यांत गप्प असायचो. आता माघ-फाल्गुनात काढलेलं श्रावणात बाहेर येतं. सीझनमध्ये फक्त व्हॉट्सॲप स्टेटस, तेही एखाद-दोन.

त्या वर्षीचं हरिपूर रस्त्याकडचं एक लग्न सांगतो. दोन दिवसांत साधारण २,६०० क्लिक झाले, घरच्यांना ५५० फोटो दिले, आणि त्यातले ३८ पोस्टसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. हे वेगळं काढणं डिलिव्हरीच्या दिवशीच उरकतो, कारण पुढचं लग्न आलं की मागचं डोक्यातून जातं. ३८ फोटोंच्या नऊ पोस्ट केल्या. मंगळवार, गुरुवार आणि रविवार, रात्री नऊनंतर, म्हणजे जेवणं आटोपल्यावर. ॲपमध्येच तारीख-वेळ लावून ठेवता येते, त्यामुळे रोज आठवण ठेवावी लागत नाही.

पहिली रील अंतरपाटाची. आधी आम्ही सिनेमाचं गाणं लावायचो, पण धंद्याच्या खात्याला बरीच गाणी मिळत नाहीत आणि मिळाली तरी आवाज कधी बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून आता भटजींच्या माइकजवळ छोटा रेकॉर्डर ठेवतो. शेवटचं मंगलाष्टक, 'सावधान', ताशा, अक्षता, आणि कापड खाली येताना नवरीने वर केलेले डोळे. बावीस सेकंदांत सगळं. ज्या घरात लग्न ठरलंय त्या घराला तो आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा जवळचा वाटतो.

धंदा दिला तो मात्र चौथ्या पोस्टने, आणि ती दिसायला अगदी साधी होती. त्या कार्यालयाचं छत उंच पत्र्याचं, त्यामुळे फ्लॅश वर मारून प्रकाश परत मिळत नाही. स्टेजला गुलाबी कापड आणि वर जांभळे एलईडी. अशा ठिकाणी चेहरे वांग्याच्या रंगाचे येतात, आणि चेहऱ्यावरचा तो रंग नंतर कॉम्प्युटरवर काढायला गेलं की शालूचा रंग बिघडतो. आम्ही स्टेजच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर दोन फ्लॅश लावले आणि विधींपुरते जांभळे दिवे बंद करून घेतले. पोस्टमध्ये दोनच फोटो: फ्लॅश लावायच्या आधीचा आणि नंतरचा. खाली मराठीत कार्यालयाचं नाव, महिना आणि काय केलं ते तीन ओळींत लिहिलं, लोकेशनही तेच लावलं. फोटोग्राफर मित्र म्हणाले, वाईट फोटो कशाला दाखवतोस? पण त्याच कार्यालयात तारीख धरलेल्या चार घरांनी विचारलं आणि दोघांनी ॲडव्हान्स दिला. लोक कार्यालयाचं नाव टाकून शोधतात, तिथे आम्ही सापडलो.

सहावी पोस्ट ग्रुप फोटोंची. याला लाइक्स सगळ्यांत कमी येतात. पण मुलीची आई थांबते ती इथेच. तिसऱ्या रांगेतल्या आजीचाही चेहरा स्पष्ट आहे का, ते ती बोटांनी मोठं करून बघते.

एक चूक आमची आम्हालाच महागात पडली. एका पाठवणीचा फोटो, नवरी वडिलांच्या खांद्यावर रडतेय, मला फारच आवडला आणि दुसऱ्याच दिवशी टाकला. घरच्यांना त्यांचे फोटो अजून मिळाले नव्हते. सासरकडच्यांना वाटलं, पोरगी इतकी रडली हे गावभर झालं. वडिलांचा फोन आला तेव्हा मला काय बोलावं सुचेना. फोटो काढून टाकला, तरी त्या घरातून पुढचं लग्न आलं नाही. आता ऑर्डरच्या पावतीवरच विचारतो: पोस्ट करायचे का, कोणते विधी नकोत. फोटो घरी पोचल्याशिवाय आणि पोस्टसाठी वेगळे काढलेले नवरीने स्वतः बघितल्याशिवाय एकही बाहेर जात नाही. 'नको' म्हणणारेही असतात. त्यांचं काम आम्ही तितकंच करतो, फक्त दाखवत नाही.

पोस्ट बघून कोणी मेसेज केला की लगेच दर पाठवायची सवयही सोडली. आधी तारीख आणि कार्यालय विचारतो, मग त्याच किंवा तशाच कार्यालयातल्या एका पूर्ण लग्नाची लिंक पाठवतो. बघून मुलगी खूश होते, पण पैसे वडील देतात, आणि वडिलांना अजूनही हातात धरायला अल्बम लागतो. म्हणून पुरानंतर दोन नवे सॅम्पल अल्बम केले. ते दुकानात नसतात, वरच्या मजल्यावर घरी असतात.

ऑर्डर वहीत बायकोने एक रकाना वाढवलाय: 'काय बघून आलात?' त्यात 'इन्स्टाग्राम' एवढंच लिहिलेलं ती चालवून घेत नाही, कोणता फोटो ते विचारते. गेल्या आठवड्यातली नोंद अशी: 'वांग्याच्या रंगाचा.'