स्वतःच्याच दुकानात पगारी नोकर झालो, त्याची गोष्ट

धनकवडीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे, दहा वर्षं झाली. दुधाची पिशवी, पोराची बसची फी, आईची औषधं, गाडीत पेट्रोल, सगळं गल्ल्यातून. क्यूआर कोडसुद्धा माझ्या सेव्हिंग अकाउंटला जोडलेला, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि सासऱ्यांनी पाठवलेले पैसे एकाच जागी. धंदा चालतोय ना, मग बघायचं काय असं वाटायचं.

मग अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या होलसेलवाल्याने एक दिवस खातं काढून दाखवलं. वर्षापूर्वी चाळीस हजार उधारी होती ती दीड लाखावर गेलेली. विक्री कमी झाली नव्हती हो, मग पैसा गेला कुठे?

बायको म्हणाली, "अहो, तीन महिने नुसतं लिहून ठेवा, काही बदलू नका." गल्ल्याजवळ एक वही ठेवली आणि घरासाठी जे काढलं ते तिथल्या तिथे लिहिलं, वीस रुपयांची कोथिंबीरसुद्धा. मुलीला दुकानातून दिलेल्या वह्या-पेनं पण खरेदीच्या भावाने लिहिली, कारण तीही उचलच. तीन महिन्यांची सरासरी निघाली महिन्याला ३८,०००. मला वाटत होतं पंचवीसेक असेल.

दुसरीकडे दुकानाचा हिशोब मांडला. वर्षाची विक्री साधारण ३६ लाख, म्हणजे महिन्याला सरासरी ३ लाख. सगळा माल धरून मार्जिन २० टक्के, म्हणजे ६०,०००. त्यातून भाडं, हाताखालच्या पोराचा पगार, लाइट, किरकोळ मिळून ३१,००० गेले की उरतात २९,०००. आणि मी उचलतोय ३८! म्हणजे दर महिन्याला ९,००० मी होलसेलवाल्याचे खात होतो, वर्षाचे एक लाख आठ हजार, उधारी जवळपास तेवढीच वाढलेली. कोडं तिथेच सुटलं.

मग पगार ठरवायचा. आधी मी जोशात २४,००० ठरवला, तो दोनच महिने टिकला, वीस तारखेला घर कोरडं आणि माझा हात परत गल्ल्यात. शेवटी २६,००० केला, वरचा किराणा बायकोच्या ट्यूशनच्या पैशातून. पूर्ण २९ घेतले नाहीत कारण उधारी फेडायला काहीतरी मागे राहायला हवं ना.

करंट अकाउंट काढलं, क्यूआर तिकडे वळवला, सेव्हिंगचा कोड काउंटरवरून खरवडून काढला (मागे डिंकाचा डाग राहिलाय तो राहिलाच). महिन्याच्या पाच तारखेला २६,००० आपोआप सेव्हिंगला जातात अशी सूचना बँकेत देऊन ठेवली. पाच का, तर एक ते चारमध्ये भाडं आणि पोराचा पगार जातो, मालकाचा नंबर शेवटी. गल्ल्यात सुट्ट्यांसाठी दोन हजार ठेवतो, बाकी रोकड आठवड्यातून दोनदा बँकेत. हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण ऑनलाइन पैसा हात लावायला त्रास देतो पण रोकड समोर पडलेली असते आणि दूधवाला दारात उभा असतो.

कधी अडलंच तर गल्ल्यातून घेतो, पण वहीत "ॲडव्हान्स" लिहून, आणि पुढच्या पाच तारखेच्या पगारातले तेवढे परत करंटला भरतो.

सीएंना फुशारकीने सांगितलं की आता मी पगार घेतो, तर ते हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही प्रोप्रायटर, स्वतःला पगार देता येत नाही. आमच्या वहीत ते ड्रॉइंग्ज." म्हणजे तो खर्च धरत नाहीत, नफा त्याने कमी होत नाही, आणि टॅक्स सगळ्या नफ्यावर लागतो, मग तुम्ही तो घरी न्या नाहीतर दुकानात ठेवा. आणि इन्कम टॅक्ससुद्धा घरचाच खर्च, एलआयसीच्या हप्त्यासारखा, तो पगारातूनच बाजूला काढायचा. हे मला माहीतच नव्हतं, थोडं खट्टू झालो.

खरी परीक्षा जूनमध्ये. शाळा सुरू होताना गल्ला असा भरतो की फ्रिज घ्यावासा वाटतो, मागच्या वर्षी घेतलाही होता. पण तो माल आम्ही एप्रिल-मेमध्ये उधारीवर भरलेला असतो, बिलं जुलैत येतात. तो पैसा माझा नसतोच, नुसता गल्ल्यात मुक्कामाला असतो. या जूनमध्येही २६,०००च घेतले. घरच्यांनी कुरकुर केली, मीही केली.

चौदा महिने झाले. महिन्याला तीन हजार मागे राहतात म्हणून उधारी हळूच उतरतेय, आतापर्यंत बेचाळीस हजारांनी कमी झालीय. परवा मुलगी शाळेतून येऊन गल्ल्याकडे हात करून वीस रुपये मागत होती, तर दुकानातला हाताखालचा पोरगा तिला म्हणाला, "ताई, आज तारीख किती? काकांचा पगार पाचला असतो."