लाल शाईतली बेरीज

"एकच गणित तर चुकलं होतं, मार्क चांगले आहेत की! तेवढ्यासाठी पोरीला घेऊन का बसता हो?" असं मला कुणी ना कुणी विचारतं.

गेल्या वर्षी लेक पाचवीत होती, तेव्हाच्या एका पेपरापासून बसते. वीस मार्कांची घटक चाचणी. सही घ्यायला पेपर माझ्यासमोर धरला तेव्हा मी मशीनवर होते, एका ब्लाऊजचं अस्तर जोडत होते. वीसपैकी सोळा. दोन मार्क एकक न लिहिल्याचे आणि आकडा चुकून उतरवल्याचे गेले होते, त्याचं मला काही वाटलं नाही. उरलेले दोन एकाच गणितात गेले होते. १/२ + १/३. तिनं लिहिलं होतं २/५ आणि त्यावर लाल फुली.

मी तिथल्या तिथे समजावलं. छेद वेगळे आहेत ना, मग आधी सारखे करायचे. दोन आणि तीन दोघांच्या पाढ्यात सहा येतात. अर्ध्याचे ३/६, तिसऱ्या भागाचे २/६, मिळून ५/६. तिनं मान हलवली, खाली आणखी दोन गणितं तशीच सोडवली, दोन्ही बरोबर. मी सही केली आणि परत अस्तराकडे वळले.

दोन दिवसांनी गृहपाठाच्या वहीत १/४ + १/२ होतं आणि समोर २/६. तेव्हा मात्र मी पाय मशीनवरून काढला. विसरली असती तर तिथं काहीतरी अर्धवट, खोडलेलं दिसलं असतं. इथं उत्तर स्वच्छ, ठाम अक्षरात होतं. म्हणजे तिच्याकडे एक रीत होती. मी दिलेली रीत तिनं माझ्यासमोर वापरली होती आणि एकटी असताना स्वतःच्या रीतीवर परत गेली होती.

मी वही बाजूला ठेवली आणि तोंडी विचारलं, "शिलाईला अर्धा इंच सोडला आणि दुमडीला पाव इंच, तर किती सोडलं?"

"पाऊण इंच." क्षणाचाही वेळ नाही. माझ्याजवळ बसून बसून तिला ही मापं तोंडपाठ आहेत, किराणा आणायला गेली की पाव किलो, पाऊण किलोही कळतं. मी टेप तिच्या हातात दिला, तिनं पाऊण इंचावर बरोबर नख ठेवलं. मग म्हटलं, "हेच तर वहीत आहे. पाव आणि अर्धा." तिनं वहीतल्या २/६ कडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, म्हणाली, "हे मापाचं आहे. ते अपूर्णांकाचं आहे."

मला त्या वाक्याचा धक्का बसला. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द तिच्या बोटांत होते आणि १/४, १/२, ३/४ ही चिन्हं वहीत होती. दोघांची गाठ कुणी घातलीच नव्हती. माझ्या सासूबाईंना अजून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी येते. त्यांच्या पिढीला पाऊण ही पाढ्यातली संख्या होती. आता ते पाढे गेले, शब्द तेवढे बाजारात उरले, आणि शाळेत मूल अपूर्णांक म्हणून काहीतरी वेगळंच शिकतं.

मग मला वाटलं, एका उदाहरणानं तिची रीत मोडेल. म्हटलं, १/२ + १/२ कर. वरचे वर, खालचे खाली मिळवले तर २/४ येणार, म्हणजे पुन्हा अर्धाच. अर्ध्या भाकरीत अर्धी घातली आणि अर्धीच उरली, हे तिला पटणारच नाही. पण तिनं लिहिलं २/२, म्हणजे एक. "छेद सारखे आहेत ना, मग छेद तोच ठेवायचा."

हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. सारख्या छेदाला तिचा एक नियम होता, तो बरोबर होता, म्हणून चौथीपासून तिचं एकही गणित चुकलं नव्हतं. छेद वेगळे आले की 'तोच' म्हणजे कुठला ठेवायचा हेच कळेना, मग तिनं दुसरा नियम काढला. एक नियम दुसऱ्याला कुठे भेटतच नव्हता, म्हणून तिला त्यात विसंगती दिसत नव्हती.

आता मी समजावायचं थांबवून विचारलं, "वरचे वर, खालचे खाली मिळवायचे, हे तुला कुणी सांगितलं?"

ती उठली, दप्तरातून चाचणीचा पेपर काढला आणि पहिलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. "बाईंनी पण असंच केलंय."

समासात लाल शाईनं प्रत्येक प्रश्नाचे मार्क होते. पहिल्याला ५/५, दुसऱ्याला ४/५, तिसऱ्याला ३/५, चौथ्याला ४/५. आणि वरच्या कोपऱ्यात गोल करून एकूण: १६/२०. पाच, चार, तीन, चार, सोळा. पाच, पाच, पाच, पाच, वीस. वरचे वर, खालचे खाली. ज्या पेपरात तिचं २/५ चूक ठरलं, त्याच पेपरावर तिच्या डोळ्यांसमोर बाईंनी तशीच बेरीज केली होती. पहिलीपासून प्रत्येक पेपरावर तिनं ती पाहिली होती.

त्या दिवशी मी तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ नव्हतं. बाईंची बेरीज बरोबर आहे, हे उघड होतं. तिची चूक आहे, हेही. लिहायची पद्धत एकच, मग फरक कशात? रात्री भांडी घासताना मी तेच घोळवत होते. ४/५ आपण 'पाचपैकी चार' असं वाचतो. अपूर्णांकही शाळेत असाच वाचायला शिकवतात, पाच भागांपैकी चार भाग रंगवले. पण 'पैकी' म्हणताना ते पाच कशाचे, हे कुणी बोलत नाही. मार्कांत पहिल्या प्रश्नाचे पाच वेगळे, दुसऱ्याचे पाच वेगळे. दोन्ही एकत्र केले की प्रश्नपत्रिका मोठी होते, दहाची होते. १/२ + १/३ मध्ये मात्र अर्धा आणि तिसरा भाग एकाच आख्ख्या वस्तूचे असतात. ती वस्तू वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलरच्या कॅनव्हासची बारा इंची पट्टी कापली आणि खडूनं इंचाइंचाला खुणा केल्या. तिला म्हटलं, ही एक आख्खी पट्टी. हिचा अर्धा दाखव. सहा इंच. तिसरा भाग? तिनं घडी घालून पाहिली, चार इंच. सहाला लागून चार मोजले, दहावर आली. "बारातले दहा," ती म्हणाली, आणि १०/१२ वरून ५/६ तिनंच काढलं. मग मी म्हटलं, आता याच पट्टीचे २/५ दाखव. बाराचे पाच सारखे भाग इंचांवर बसत नाहीत, म्हणून तिनं पट्टी घड्या घालून पाहिली, दोनतीनदा सरकवली. शेवटी दोन भागांची खूण पाच इंचाच्या अलीकडेच पडली.

ती त्या खुणेकडे बघत राहिली. नुसता अर्धा सहा इंचाचा होता. त्यात तिसरा भाग घातला आणि उत्तर पाचाच्याही आत आलं. ही त्या चुकीची पक्की खूण आहे, नंतर मी बऱ्याच गणितांवर करून पाहिली. दोन वेगवेगळे अपूर्णांक घेऊन वरचे वर, खालचे खाली मिळवले की उत्तर नेहमी त्या दोघांच्या मध्ये पडतं, मोठ्याच्या पुढे कधीच जात नाही. बेरीज असून उत्तर घटलेलं दिसलं की ओळखायचं.

पण तिचा प्रश्न तसाच होता. "मग बाईंचं?"

मी पाच-पाच इंचाच्या दोन चिंध्या दिल्या. एक दुसऱ्या प्रश्नाची, चार इंच रंगव. एक तिसऱ्या प्रश्नाची, तीन इंच रंगव. आता दोन्ही जोड. तिनं टाचणी लावून टोकाला टोक जोडलं आणि टेप लावला. दहा इंच, त्यातले सात रंगवलेले.

"आई, पट्टी लांब झाली!"

मग तिनं कॅनव्हासची पट्टी शेजारी ठेवली आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत होती. "मार्कांत पट्टी लांब होते. गणितात पट्टी तीच राहते." हे वाक्य तिचं आहे. मी ते तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगितलं. छेद सारखे का करायचे, हेही तिथेच सुटलं. एकाच पट्टीवर सगळे तुकडे एकाच मापाचे झाल्याशिवाय मोजता येत नाहीत. सहा आणि चार मोजता आले, कारण दोन्ही इंचांत होते. समच्छेद म्हणजे दोघांना एकाच खुणांची टेप लावणं, एवढंच.

बाईंना मी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मार्क त्या अजून तसेच लिहितात, आणि लिहायलाही हवेत. त्यात चूक काहीच नाही. मला फक्त वाटतं, पाचवीत वेगळ्या छेदांची बेरीज सुरू करताना पेपरावरच्या मार्कांची बेरीज एकदा फळ्यावर घ्यावी आणि मुलांना विचारावं, इथे पट्टी लांब होते का.

त्या एका दिवसात सगळं सुटलं असं नाही. रीत जुनी होती, ती परत येणार हे मला माहीत होतं. तीन आठवड्यांनी वहीत २/३ + १/४ होतं. समोर ११/१२, बरोबर. पण कागद थोडा खरवडलेला दिसला म्हणून वही उजेडात धरली. खोडलेल्या जागी ३/७ अजून वाचता येत होतं.

"का खोडलंस?" मी विचारलं.

"अगं, दोन छेद तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त. आणि हे अर्ध्याहून कमी आलं," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्यातली टेप ओढून घेऊन पुढच्या गणिताला लागली.