आमची वाटचाल : ‘अदाफत’मधला एक ‘त’

आमच्या लहानशा भाषांतरसंस्थेला पुण्यात आता बरीच वर्षे झाली. मस्कतमध्ये बालपण गेल्यामुळे मला अरबी येत होती, आणि माझ्या भागीदारबाईंनी ती महाविद्यालयात रीतसर शिकली होती. एवढ्या भांडवलावर आम्ही दोघांनी अरबी वर्तमानपत्रांतील बातम्या इंग्रजीत करून देण्याचे काम सुरू केले. सागरी विम्याचा सल्ला देणाऱ्या मुंबईच्या एका कार्यालयाला आखाती बंदरांविषयीच्या बातम्या रोज सकाळी हव्या असत, आणि पहिली दोन वर्षे आमचा खर्च मुख्यतः त्याच कामावर निघत असे.

त्या काळात आमच्या हातून झालेली एक चूक येथे तपशिलाने सांगतो, कारण आमची आजची कामाची पद्धत तिच्यातूनच घडली. बातमी चार वाक्यांची होती. पहिल्या वाक्याचा अर्थ असा होता : ‘वृत्तसंस्थेने बंदरातील एका अधिकाऱ्याचा हवाला देऊन सांगितले की तीन जहाजे तपासणीसाठी थांबवली आहेत.’ दुसरे वाक्य ‘व अदाफत’ या शब्दांनी सुरू होत होते, म्हणजे ‘आणि पुढे सांगितले’, आणि त्यात हा विलंब दहा दिवसांपर्यंत लांबू शकतो असे म्हटले होते. तिसरे वाक्य ‘व अक्कदा’ने सुरू होऊन मालाचे नुकसान झालेले नाही असे सांगत होते. चौथ्यात मागील महिन्यातील तशाच एका घटनेचा उल्लेख होता. मी दुसऱ्या वाक्याचे इंग्रजी ‘ही ॲडेड’ असे केले. दहा दिवसांचा अंदाज त्यामुळे सरळ अधिकाऱ्याच्या तोंडी गेला, आणि ग्राहकाने आपल्या अहवालात तो ‘बंदर प्रशासनाचा अंदाज’ म्हणून नोंदवला. बंदराकडून खुलासा आला की आमच्या कोणीही असे म्हटलेले नाही. मूळ अरबी बातमीत कोठेही खोट नव्हती, खोट आमच्या इंग्रजीत होती.

‘अदाफा’ हे पुल्लिंगी रूप आणि ‘अदाफत’ हे स्त्रीलिंगी. अधिकारी म्हणजे ‘मसऊल’, आणि येथे तो शब्द पुल्लिंगी होता. वृत्तसंस्था म्हणजे ‘वकाला’, आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. तेव्हा दहा दिवसांचा अंदाज वृत्तसंस्थेचा होता, आणि लगेच पुढे ‘अक्कदा’ हे पुल्लिंगी क्रियापद आल्याने नुकसान न झाल्याचे विधान पुन्हा अधिकाऱ्याकडे जात होते. वक्त्याची अशी अदलाबदल अरबी बातमीत नाव न घेताही होते, कारण कर्ता क्रियापदाच्या रूपातच सामावलेला असतो. मराठी माणसाच्या कानाला खरे तर हे सहज कळायला हवे, कारण ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ यांत आपणही हेच ऐकतो. इंग्रजी क्रियापदात लिंग उरत नाही, आणि मी अरबीतून थेट इंग्रजीत गेल्यामुळे ते माझ्या हातून वाटेत गळाले. त्या दिवशी मी ते वाक्य मनातल्या मनात मराठीत जरी म्हटले असते, तरी ‘अधिकारी म्हणाली’ असे ऐकून थबकलो असतो.

त्यानंतर आम्ही इंग्रजी लिहिण्याआधी अरबी बातमीवर खुणा करू लागलो. प्रत्येक विधानाच्या समासात दोन गोष्टी लिहायच्या : मूळ बोलणारा कोण, आणि त्याचे बोलणे आपल्यापर्यंत कोणी आणले. भाषांतर झाले की ज्याने अरबी पाहिलेले नाही असा सहकारी फक्त इंग्रजी वाचून त्याच दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहितो. दोन याद्या जुळल्या नाहीत, तर इंग्रजीत काहीतरी बिघडले आहे असे आम्ही समजतो. या वाचनाला जवळजवळ एक तृतीयांश वेळ अधिक लागतो, आणि दर वाढवल्यामुळे एक जुना ग्राहक सोडूनही गेला.

समासातल्या खुणा करताना सर्वांत जास्त वेळ जातो तो अवतरण कोठे संपते हे ठरवण्यात. अरबी बातमीत जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘व’ने, म्हणजे ‘आणि’ने, सुरू होऊ शकते, त्यामुळे अधिकाऱ्याचे म्हणणे आणि बातमीदाराने दिलेली पार्श्वभूमी एकाच सुरात वाहत जातात. ‘क़ाला इन्ना’, म्हणजे ‘म्हणाला की’, यानंतर पुढचे वाक्य ‘व अन्ना’ने, म्हणजे ‘आणि की’ने, सुरू झाले, तर बोलणारा बहुधा तोच आहे. तो ‘की’ नाहीसा झाला आणि वाक्य ‘व काना’, म्हणजे ‘आणि होता’, असे सुरू झाले, तर बहुतेक वेळा ती वृत्तपत्राने दिलेली मागची हकीकत असते. आमच्या बातमीतले चौथे वाक्य याच जातीचे होते. सुदैवाने तेवढे तरी मी अधिकाऱ्याच्या गळ्यात घातले नव्हते.

‘मस्दर’, म्हणजे सूत्र, हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे निनावी सूत्र स्त्री असली तरी क्रियापद पुल्लिंगीच येते. तेथे इंग्रजीत ‘ही’ लिहिले, तर बातमीने न सांगितलेली माहिती आपण पुरवतो, म्हणून आम्ही दर वेळी ‘द सोर्स’ असेच लिहितो, मग ते कितीही कंटाळवाणे वाटो. मराठी वृत्तपत्रांनी ‘सूत्रांनी सांगितले’ असे अनेकवचन योजून ही अडचण केव्हाच टाळली आहे.

‘अक्कदा’चे भाषांतर ‘कन्फर्म्ड’ असे करण्याचा मोह फार होतो. पण इंग्रजीत ‘कन्फर्म्ड’ म्हटले की लिहिणाराही ती गोष्ट खरी मानतो असे ध्वनित होते, तर अरबी बातमीत ‘अक्कदा’चा अर्थ अनेकदा ‘ठासून सांगितले’ एवढाच असतो. नुकसान झालेले नाही हे अधिकारी ठासून सांगत होता. ते तसे होते की नाही, याची हमी वृत्तसंस्थेने दिलेली नव्हती, मग ती आम्ही कशी द्यावी? याउलट ‘ज़अमा’मध्ये बातमीदाराची शंका असते, आपल्या ‘म्हणे’सारखी, आणि तेथे साधे ‘सेड’ लिहिले तर ती शंका पुसली जाते.

अवतरणचिन्हांबाबतही आम्ही एकदा फसलो. लंडनहून 1978 पासून निघणाऱ्या ‘अश्-शर्क अल्-अवसत’सारख्या पत्रांत दुहेरी टोकदार चिन्हे माणसाच्या शब्दांभोवती येतात, तशीच वृत्तपत्रांच्या आणि संघटनांच्या नावांभोवतीही येतात. ती जशीच्या तशी इंग्रजीत नेली, तर संघटनेचे नाव ‘तथाकथित’ असल्यासारखे वाचले जाते आणि मूळ पत्राने न दाखवलेला उपहास त्याच्या पदरी पडतो. म्हणून नावांभोवतीची चिन्हे आम्ही काढतो आणि शब्दांभोवतीची ठेवतो. मुळात चिन्हे नसतील, तर ती कधीच घालत नाही. वक्ता मूळचा इंग्रजीत बोलला असेल आणि त्याचे शब्द अरबीतून आमच्याकडे आले असतील, तर चिन्हे असली तरी त्याचे मूळ इंग्रजी शोधतो. ते सापडले नाही, तर चिन्हांशिवाय केवळ आशय देतो.

एका प्रकारापुढे मात्र आमच्या खुणाही हात टेकतात. आधीच्या वाक्यात वृत्तसंस्था असते, मंत्रालय असते, ‘विज़ारा’ हा शब्दही स्त्रीलिंगी, आणि पुढे नुसते ‘व अदाफत’ येते. अशा वेळी आम्ही भागीदार दोघेही बातमी पुन्हा वाचतो, त्या मजकुराचे मूळ निवेदन मिळाले तर पाहतो, आणि तरीही उलगडा झाला नाही तर चौकोनी कंसात लिहितो की हे विधान वृत्तसंस्थेचे की मंत्रालयाचे, हे मूळ मजकुरावरून ठरत नाही. विम्याच्या त्या कार्यालयातील गृहस्थांना सुरुवातीला हे कंस खटकले. आता कंस असला की ते त्या दिवशीचा आकडा अहवालात घेत नाहीत, आणि दुपारी फोन करून विचारतात, ‘निवेदन मिळालं का?’