कोकणकड्याचा फोटो : हूडचे दोन काळे कोपरे, आजवरची प्रगती

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावरून संध्याकाळी काढलेल्या सहा फ्रेम्सपैकी जी मला सगळ्यात प्रिय आहे, तिच्याच दोन कोपऱ्यांत काळोख आला आहे. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे. लेन्स 10 मिमीवर होती, एफ/11, रॉ फाइल, 6000 × 4000 पिक्सेल.

काळे कोपरे समोरासमोर तिरके आले की दोष बहुधा लेन्सच्या तोंडावर बसवायच्या पाकळ्यांच्या हूडचा असतो. लांब पाकळ्या बरोबर वर आणि खाली हव्यात. हूड थोडं फिरलेलं राहिलं की त्या कोपऱ्यांकडे सरकतात. मी फिल्टर लावायला हूड काढलं आणि परत बसवताना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवलं नाही. चारही कोपरे सारखे काळे असते तर एकावर एक चढवलेल्या फिल्टरांवर संशय घेतला असता. एकाच बाजूने घुसलेला पुसट, वाकडा पट्टा म्हणजे बहुतेक वेळा गळ्यातला पट्टा. त्याच संध्याकाळी 14 मिमीवर काढलेली फ्रेम स्वच्छ आहे, म्हणून शंकेला जागा उरली नाही.

पहिल्या दिवशी मी डार्कटेबलमध्ये लेन्सची आपोआप दुरुस्ती लावून पाहिली. काळं तसंच राहिलं, आणि ते बरोबरच आहे. त्या प्रोफाइलला लेन्सची कडेकडेने उतरत जाणारी उजळी माहीत असते, वेडंवाकडं बसलेलं हूड नाही. व्हिन्येटिंगचा स्लायडर ओढला तर चांगले दोन कोपरेही उजळतात आणि आकाश विचित्र दिसू लागतं.

मग 200 टक्क्यांवर नीट पाहिलं, आणि इथे खरा उलगडा झाला. तो काळा कोपरा एकजिनसी नाही. हूड लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याची कड फोकसबाहेर असते. म्हणून चित्राच्या मध्याकडच्या बाजूला अर्धसावली आहे, तिथे थोडा प्रकाश पोचलेला आहे. अगदी टोकाला मात्र काहीच पोचलेलं नाही. अर्धसावली उजळवता येते, टोक उजळवता येत नाही, ते भरावंच लागतं. या दोघांवर एकच उपाय करायला जाऊन मी आधी दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

आता आधी `exposure` मॉड्यूलच्या दोन प्रती घेतो. प्रत्येकीला हाताने काढलेला पाथ मास्क, कड भरपूर मऊ. बाहेरच्या पट्ट्याला +0.7, त्याच्या आतल्या टोकाकडच्या पट्ट्याला आणखी +0.6. सुरुवातीला वरच्या कोपऱ्यातला काळा त्रिकोण रुंदीला 420 आणि उंचीला 300 पिक्सेल होता. उजळवल्यावर निव्वळ काळं साधारण 260 × 180 उरलं. उजळवलेल्या भागात दाणे वाढतात, पण आकाशाचा उतार खराच राहतो.

कापून टाकण्याचाही हिशेब केला. पूर्ण 260 आणि 180 कापावे लागत नाहीत. कापलेल्या चौकटीचा कोपरा त्रिकोणाच्या तिरक्या कडेवर आला की पुरे. 3:2 प्रमाण राखून ते 132 × 88 होतं. दोन्ही कोपऱ्यांचं मिळून 5736 × 3824 उरतं, म्हणजे सुमारे 9 टक्के चित्र जातं. एरवी मी डोळे झाकून कापलं असतं. पण कड्याची धार डावीकडे खालून जेमतेम 100 पिक्सेलवर फ्रेमबाहेर पडते. ती कडेला चिकटली की त्या वाकाचा जीवच जातो.

म्हणून 16 बिट टिफ काढून गिंपमध्ये भरणं. खालचा गवताचा कोपरा दहा मिनिटांत झाला. गवत डोळ्याला सहज फसवतं. आकाशाने मात्र दमवलं. डाव्या कोपऱ्याची आडवी उलटवलेली प्रत लावली, तर सूर्य डावीकडे असल्यामुळे तो तुकडा उजव्या आकाशात उजळ ठिगळासारखा दिसला. मग थेट `Heal` वापरलं. ते आजूबाजूचा रंग घेऊन मिसळतं, आणि आजूबाजूला काळं होतं. डाग धुरकट होऊन आणखी पसरला.

जमलं ते असं: नवीन थरावर `Clone`, `Sample merged` चालू, `Alignment` मध्ये `Aligned`, आणि नमुना त्याच उंचीवरून सुमारे 500 पिक्सेल डावीकडून. उंची तीच ठेवणं महत्त्वाचं, कारण क्षितिजापासून वर जाताना निळा रंग झपाट्याने बदलतो. आधी सगळं काळं झाकलं, मगच फक्त सांध्यावर `Heal` फिरवलं. आता तिथे काळं शेजारी नसल्याने रंग बरोबर जुळला.

तपासायला `New from Visible` ने वरती एक थर केला आणि त्याला `Curves` ने खूप उभा चढ दिला. साध्या नजरेला स्वच्छ वाटलेल्या आकाशात एक फिकट कमान लगेच दिसली, अर्धसावलीच्या बाहेरच्या कडेवर. मास्कची कड तिथे अजून मऊ हवी होती. ती रुंद करून पुन्हा निर्यात केली, थर पुन्हा भरला, तपासणीचा थर पुसला.

आत्ता कमान गेली आहे. भरलेल्या तुकड्यात दाणे शेजारच्या उजळवलेल्या पट्ट्यापेक्षा कमी आहेत, 100 टक्क्यांवर तो गुळगुळीत दिसतो. पुढच्या बैठकीत फक्त त्या थरावर थोडे दाणे घालून 12 × 18 इंचांचा नमुना छापून पाहणार आहे.