पश्चिमेची खिडकी आणि तिचा फसवा फोटो

मुलुंडच्या आमच्या हॉलची खिडकी थेट पश्चिमेला आहे. हिवाळ्यात तर अडीचनंतर ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. पडदे बदलायचे ठरले तेव्हा मी खिडकीचा फोटो पुण्याच्या ताईला पाठवला. ती म्हणाली, "अगं, भिंत राखाडी आहे ना, मग गडद निळा घे."

आमची भिंत फिकट बदामी आहे! फोटो भर तीन वाजता उन्हासमोर काढला होता. खिडकीचा लख्ख उजेड सांभाळताना मोबाइलने बाकी सगळं काळवंडून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, स्क्रीनवर भिंतीवर बोट टेकवून पुन्हा काढला, तेव्हा कुठे खरा रंग दिसला.

मग फोटोवर रंग ठरवायचा नाद सोडला. मंगलदास मार्केटमधून अर्धा-अर्धा मीटरचे तीन तुकडे आणले आणि दुपारी चिमट्यांनी रॉडला टांगले. दुकानात कापडावर उजेड पुढून पडतो, घरात तो मागून येतो, हे तेव्हा कळलं. मोहरीच्या रंगाच्या सुती कापडाने खोली पिवळी केली. ताटातला भातसुद्धा पिवळा. निळ्यातून विणीतली भोकं चांदण्यांसारखी चमकली, आणि तीनलाच दिवा लावावा लागला असता. शिवाय गडद रंग विटला की लगेच दिसतो. आमच्या जुन्या मरून पडद्यांच्या चुण्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या, आत मात्र मूळ रंग शाबूत होता.

तिसरा तुकडा लिननसारख्या विणीचं पॉलिस्टर, वाळूच्या रंगाचं. तोच घेतला. सुती मला आवडतं, पण ते उन्हात लवकर विटतं, धुतल्यावर आटतं आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. मागे काचेकडच्या बाजूला पांढरं अस्तर लावलं. ऊन आधी अस्तरावर पडतं, त्यामुळे पुढचं कापड टिकतं.

लांबीवरून सासूबाईंशी थोडं वाजलं. फरशी पुसताना पडदा भिजतो म्हणून त्यांना तो खिडकीच्या कठड्यापर्यंतच हवा होता. पण तेवढ्या पडद्याखालून ऊन आत येतंच. शेवटी फरशीपासून अर्धा इंच वर ठरला. रॉड खिडकीच्या सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर घेतला.

रॉड ७२ इंच, चुण्यांसाठी दुप्पट म्हणजे १४४. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणून तीन पाट. रॉडपासून फरशी ८४ इंच, वर-खाली दुमडायला १२. तीन पाटांना २८८ इंच, म्हणजे सव्वासात मीटरहून किंचित जास्त. साडेसात मीटर घेतलं, अस्तरही तेवढंच. शिंप्याने दोन्ही पडद्यांना दीड-दीड पाट लावला.

खोली थंडगार झाली असं नाही. काचेतून आत आलेली उष्णता आतला पडदा थोडीच परतवतो. पंखा चालूच असतो, पण टीव्हीवरची चमक गेली.