आम्ही म्हणजे कोण

अण्णांनी एवढंच विचारलं, "आम्ही म्हणजे कोण रे?" आणि उत्तराची वाट न बघता भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

आता साडेअकरा वाजून गेलेत आणि मी अजून तिथेच अडकलोय. रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते खरंच विचारत होते. निदान मला तरी तसं वाटलं. की नव्हते?

दुकानाची पहिली पोस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुला लिहिता येतं." असं आई म्हणाली. दोन रात्री बसलो. नऊ वाक्यं झाली आणि आज मोजलं तर त्यातली सात 'आम्ही'नं सुरू होत होती. आम्ही सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त करतो. आम्ही अस्सल सेल वापरतो. आम्ही ग्राहकांच्या समाधानाला प्राधान्य देतो. हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते एका लेडीज घड्याळाचं झाकण उघडत होते. सगळं ऐकून घेतलं, मग तो प्रश्न.

मी बाहेर गेलो, कारण त्यांनीच पाठवलं. "या टेबलावर बसून डोळे घालवू नकोस," हे वाक्य मला दहावीपासून पाठ आहे. मग आता 'आम्ही'तून मला वगळायचा हक्क त्यांना कुणी दिला? सुट्टीच्या दिवशी काउंटरवर मीच बसायचो ना? पट्टे लावून द्यायचो, भिंतीवरच्या घड्याळांची धूळ पुसायचो. धाकटीनं तर तेही केलं नाही, पण तिला कुणी असं विचारत नाही. जाऊ दे.

खरं म्हणजे आज दुपारचं लिहायला हवं. ते मी टाळतोय.

अण्णा जेवायला घरात गेले होते, काउंटरवर मी. एक बाई आल्या. घड्याळ पुढे ठेवून म्हणाल्या, "याला वेड लागलंय." बघितलं तर सेकंदकाटा नुसता उभा. मग एकदम चार घरं उडी मारली, परत उभा. मी तज्ज्ञाच्या आवाजात सांगून टाकलं, "मशीन गेलंय. नवीन घेतलेलं परवडेल." त्या बिचाऱ्या निघाल्याच होत्या. घड्याळ कुणाचं तरी होतं, म्हणजे आता नसलेल्या कुणाचं तरी. तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, दोन उड्या बघितल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "वेळ बरोबर दाखवतंय की. मशीन गेलं असतं तर मागे पडलं नसतं का?"

मग त्यांनी त्यांना (मला नाही) समजावलं. बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत ही सोयच केलेली असते. सेल उतरायला लागला की घड्याळ सेकंदकाटा दर सेकंदाला हलवायचं सोडून चार सेकंद थांबतं आणि चार घरं एकदम जातं. वेळ चुकत नाही. "ते सेल मागतंय, एवढंच. सगळ्या घड्याळांत असं नसतं, काही न सांगताच बंद पडतात. हे बोलणारं आहे."

मी पट्टा पुसत होतो. पुसलेला पट्टा परत पुसत होतो.

सेल बदलताना मात्र मी जवळ जाऊन उभा राहिलो. किती वर्षांनी, कोण जाणे. त्यांनी झाकणाच्या कडेची खाच शोधून सुरीचं टोक तिथे टेकवलं आणि मनगटाच्या एका हिसक्यात झाकण उडालं. आतली रबराची रिंग अलगद बाजूला काढून ती चपटी झालीय का ते बघितलं. जुना सेल प्लॅस्टिकच्या चिमट्यानं काढला. लोखंडी चिमटा सेलच्या दोन्ही बाजूंना एकदम लागला तर तो तिथल्या तिथे शॉर्ट होतो, आणि बोटानं धरला तर बोटाचा घाम त्याला लागतो. सेलवर SR626SW असं कोरलेलं. माझ्या बाजूच्या डबीत LR626 होते. माप तेच, दिसायलाही तेच. मी एक पुढे केला.

"तो नको. तो साधा."

बसतो तोही. पण SR म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा. तो 1.55 व्होल्ट देतो आणि संपत येईपर्यंत जवळजवळ तेवढाच देत राहतो. LR म्हणजे अल्कलाइन. त्याची सुरुवात 1.5 ला होते आणि दिवसागणिक तो उतरत जातो. पुढे कधीतरी तो आतल्या आत पाझरतोही, आणि ते पाणी मशीनच्या पट्ट्या खातं. हे सांगताना त्यांनी खणातून एक मेलेलं मशीन काढून भिंगाखाली धरलं. सेलच्या जागी पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी, आणि केसापेक्षा बारीक तारेचं वेटोळं एका ठिकाणी काळं पडून तुटलेलं. "हे कपाटात जपून ठेवलं होतं. आठवण म्हणून. चावी बाहेर ओढून ठेवली होती, म्हणजे सेल वाचतो म्हणे. कमी खातं, खरंय. पण सेल आतच राहतो ना? वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवायचा, एवढं कुणी सांगितलं नाही त्यांना."

कुणी सांगितलं नाही. आणि माझ्या नऊ वाक्यांत ग्राहकांच्या समाधानाला प्राधान्य होतं.

मग त्या बाई निघताना अण्णा म्हणाले, "आपल्याकडे रिंगला ग्रीस लावून दिलंय, तरी घालून पोहू नका. काचेच्या आत वाफ दिसली तर लगेच आणा, थांबू नका." आपल्याकडे! इतकी वर्षं ऐकतोय, आज पहिल्यांदा कानाला लागलं. अण्णा गिऱ्हाइकाशी बोलताना 'आमच्याकडे' म्हणतच नाहीत. आपल्याकडे हा पट्टा नाही, आपल्याकडे ते मशीन येत नाही. समोरचा घटकाभर दुकानाचा मालक होऊन जातो. आणि लिहिता येणाऱ्या मुलानं सात वेळा 'आम्ही' लिहून सगळ्यांना काउंटरच्या पलीकडे उभं केलं. त्या पलीकडच्या रांगेत मीही होतो, हा भाग सोडला तर चुकलं काय? (बरंच.)

म्हणजे त्यांनी मला वगळलं नव्हतं? की वगळलं होतं, पण रास्त? दोन्ही वाटतं. मघाशी आईला विचारणार होतो, पण तिनं ताट वाढायला घेतलं आणि विषय राहिला.

नऊ वाक्यं खोडली. आता एवढंच उरलंय:

"सेकंदकाटा चार घरं एकदम उडी मारतोय आणि वेळ बरोबर आहे? बहुतेक घड्याळ बिघडलेलं नाही, सेल संपलाय. वापरात नसलेल्या घड्याळातला सेल काढून ठेवा. शंका असेल तर घेऊन या, अण्णा बघून सांगतील."

झोपायला जाताना त्यांच्या उशाशी ठेवलं. दिवा लागला, पेनाचा आवाज आला, दिवा गेला. आत्ता जाऊन बघून आलो. 'सेल संपलाय'च्या जागी 'सेल संपत आलाय' केलंय. बरोबरच आहे, संपला असता तर उडी कुठून मारली असती. आणि शेवटचे तीन शब्द खोडून दोनच लिहिलेत. "बघून सांगू."

कोण सांगू, ते काही लिहिलेलं नाही.