जुन्या राउटरचा मॅक नव्याला दिला तेव्हा कुठे नेट आलं

जुन्या राउटरचं वायफाय मेलं म्हणून नवा घेतला, वायर काढली, नव्याच्या वॅन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या, पोर्टला लावली आणि बसलो वाट बघत. वायफाय दिसतंय, फोन जोडला जातोय, पण नेट नाही. राउटरच्या पेजवर वॅनचा आयपी 0.0.0.0, म्हणजे पलीकडून काही मिळतच नव्हतं. वायर परत जुन्याला लावली की त्याला लगेच आयपी मिळायचा, त्यामुळे लाइन ठीक आहे हे नक्की झालं. प्रोव्हायडरला फोन केल्यावर कळलं की या लाइनवर एकच मॅक, म्हणजे डिव्हाइसचा नेटवर्कवरचा ओळख नंबर, रजिस्टर आहे आणि बदलायचा तर अर्ज टाका, दोन दिवस लागतील. जुनाही माझाच, नवाही माझाच, मग म्हटलं तोवर जुन्याचाच मॅक नव्याला देऊ.

इथे मी पहिला घोळ घातला. नव्याच्या सेटिंगमध्ये MAC Clone च्या पानावर एक बटण होतं, आपल्या कॉम्प्युटरचा मॅक उचला असं काहीतरी, ते दाबलं आणि खूश झालो. पण ते बटण मी ज्या लॅपटॉपवरून पेज उघडलं होतं त्याचा मॅक उचलतं, जुन्या राउटरचा त्याला काय पत्ता! तो आपल्यालाच हाताने टाकावा लागतो.

मग जुना राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरचा मॅक टाकला, शेवट 4E. तरी 0.0.0.0. अर्धा तास डोकं खाजवल्यावर सुचलं की जुन्याचं वायफाय गेलंय, वायरने तर त्याचं पेज उघडतं ना? लॅपटॉपला केबल लावून स्टेटस बघितलं तर लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा, मॅक 4E आणि वॅनचा 4F! बऱ्याच राउटरमध्ये प्रत्येक बाजूला वेगळा मॅक असतो, अनेकदा एकानेच पुढे, आणि स्टिकरवर लॅनचाच छापलेला असू शकतो. प्रोव्हायडरला मात्र फक्त वॅनवाला दिसतो.

4F टाकून सेव्ह केलं, जुना पूर्ण बंद केला (एकच मॅक एकाच लाइनवर दोन ठिकाणी नको), मोडेमची पॉवर पाचेक मिनिटं काढून ठेवली, मग आधी मोडेम आणि त्याचे लाइट स्थिर झाल्यावर राउटर चालू केला. यावेळी आयपी आला. मोडेम बंद करायचं कारण असं की काही मोडेम आधी दिसलेलं डिव्हाइसच लक्षात धरून बसतात.

हे जमतं ते तपासणी राउटरच्या मॅकवर असेल तरच, फायबरच्या डब्याचा सिरियल नंबर तपासत असतील तर उपयोग नाही.

नंतर एकदा नवा राउटर फॅक्टरी रीसेट केला आणि नेट पुन्हा गायब, कारण रीसेटमध्ये टाकलेला मॅकही उडतो. आता 4F वाला पूर्ण नंबर चिकटपट्टीवर लिहून राउटरलाच चिकटवलाय.